सात तारखेचा हप्ता

द्वारका रणपिसे यांनी तीस वर्षं एका ट्रस्टच्या रुग्णालयातल्या रक्तपेढीत काढली होती. तंत्रज्ञ म्हणून लागल्या, आता निवृत्तीला पंधरा महिने उरले होते. रक्तपेढीत त्यांच्याबद्दल एकच गोष्ट सांगितली जायची: द्वारकाताईंच्या हातून आकडा चुकत नाही. बॅगवरचा नंबर त्या दोनदा मोठ्यानं वाचायच्या आणि मगच सही करायच्या. नवीन आलेल्या मुली आधी हसायच्या, महिनाभरात त्याही तसंच करायला लागायच्या.

ही सवय त्यांना घरातून लागली होती. त्यांचे वडील सोनबा लोणी काळभोरहून पुण्यात आले आणि एका कारखान्यात हमाल म्हणून चिकटले. लिहिता-वाचता येत नव्हतं. भरतीच्या कागदावर कुण्या कारकुनानं जन्मसाल चार वर्षांनी मागे टाकलं आणि सोनबांनी खाली अंगठा उमटवला. ही चूक कळली ती त्यांना चार वर्षं आधीच घरी बसवलं तेव्हा. द्वारका त्या वेळी बारावीत होती. "आकडा कुनाच्या बापाचा नसतो," सोनबा म्हणायचे, "जो वाचंल त्याचा." मुलगी आकडे नीट वाचायला शिकली ती अशी, ईर्ष्येनं.

विश्रांतवाडीच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्या आणि त्यांचे यजमान सुखदेव, दोघंच राहत. सुखदेव जलसंपदा खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. मुलगी पूर्वा लग्न होऊन बिबवेवाडीला, नोकरी एका सॉफ्टवेअर कंपनीत. तिची मुलगी संस्कृती आठ वर्षांची. या नातीसाठी दर महिन्याला म्युच्युअल फंडात काही टाकावं, असं द्वारकाताईंनी दिवाळीत ठरवलं होतं. रक्कम पाच हजार. तारीख सात, कारण पगार पाचला जमा होतो.

"आई, मी रविवारी येऊन करून देते ना," पूर्वा फोनवर म्हणाली. "दहा मिनिटांचं काम आहे."

"दहा मिनिटांचं आहे तर मला का नाही येणार?"

"येईल गं. पण सगळं ऑनलाइन असतं. एकदा बँकेला मँडेट गेला, की दर महिन्याला आपोआप पैसे कापले जातात. मध्ये कुणी विचारत नाही."

"म्हणूनच मी स्वतः करणार. माझ्या खात्यातून कापणार आहेत, तर परवानगी मी वाचून देणार."

मग पूर्वानं नीट समजावलं आणि द्वारकाताईंनी एका कागदावर लिहून घेतलं. फंड कुठला, हप्ता किती, तारीख कुठली. मँडेटची मर्यादा मात्र पंचवीस हजार ठेव, असं पूर्वा म्हणाली. त्यावर त्यांनी तिला चांगलंच फैलावर घेतलं.

"पाच हजारांच्या हप्त्याला पंचवीस हजारांची परवानगी कशाला?"

"ती वरची मर्यादा असते, आई. कापले जातात ते हप्त्याचेच. उद्या हप्ता वाढवावासा वाटला, तर नवा मँडेट करायला नको, म्हणून."

"म्हणजे हप्त्याचा आकडा चुकला, तर बँक अडवणार नाही."

"पंचवीसच्या आत असेल तर नाही अडवणार," पूर्वा हसून म्हणाली. "पण तुझा आकडा कधी चुकलाय?"

जानेवारीतला दुसरा रविवार. सकाळचं चहापाणी आटोपलं होतं, खिडकीतून आळंदी रस्त्यावरच्या गाड्यांचे भोंगे येत होते. द्वारकाताई डायनिंग टेबलाशी पासबुक, पॅन कार्ड, डेबिट कार्ड आणि तो कागद मांडून बसल्या. सुखदेव समोर वर्तमानपत्र घेऊन. गेल्या आठवड्यात एका सकाळी द्वारकाताईंचं डोकं फार दुखलं होतं, उलटीही झाली होती. पित्त असेल म्हणून त्यांनी सुंठ घेतली आणि कामावर गेल्या. त्यानंतर दोनदा स्वयंपाकघराच्या चौकटीला त्यांचा डावा खांदा आपटला होता. "चौकट जुनीच आहे," सुखदेव म्हणाले होते, "तीच सरकली असेल." त्याही हसल्या होत्या.

त्यांनी फोनवर फंडाचं अ‍ॅप उघडलं. केवायसी आधीच झालेली होती, त्यामुळे पाठ असलेला पॅन टाकताच नाव आलं. पुढे बँकेचं खातं. पासबुकात बघून त्यांनी नंबर टाकला, शाखेचा आयएफएससी कोड यादीतून निवडला. अ‍ॅपनं खात्यात एक रुपया पाठवून पडताळणी करायला घेतली आणि लाल अक्षरांत उत्तर आलं: खातं सापडलं नाही.

त्यांनी पुन्हा टाकला. पुन्हा तेच.

"अ‍ॅप बंडल आहे," त्या म्हणाल्या.

"आकडा बघ एकदा."

"दोनदा बघितलाय. तुम्हीच वाचा."

सुखदेवांनी पासबुक हातात घेऊन एक-एक आकडा म्हणत नंबर वाचला. द्वारकाताईंनी ऐकून टाकला. या वेळी हिरवी खूण आली, खाली नावही आलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. आपण काय वेगळं टाकत होतो, हे त्यांना उमगेना. पण गाडी पुढे गेली होती, आणि त्यांनी ती जाऊ दिली.

हप्त्याच्या रकमेखाली तयार आकड्यांचे तीन चौकोन होते, एकावर बोट ठेवायचं. त्यांनी उजवीकडच्या चौकोनावर ठेवलं. मग तारखांचा तक्ता आला, त्यातली तारीख निवडली. पहिला हप्ता आत्ताच भरायचा का, असं अ‍ॅपनं विचारलं, त्यांनी नको म्हटलं. मँडेटची मर्यादा पंचवीस हजार. मग बँकेचं पान उघडलं, डेबिट कार्डाचा नंबर सुखदेवांनी वाचला, ओटीपी आला. शेवटी सगळा गोषवारा एका पानावर आला, आणि खाली ‘मान्य’ असं बटण.

इथं द्वारकाताई थांबल्या. चष्मा पुसला. रक्तपेढीत वाचायच्या तशाच आवाजात त्यांनी वाचलं, "हप्ता, पाच हजार. तारीख, सात." मग पुन्हा, "पाच हजार. सात."

सुखदेवांनी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. बत्तीस वर्षांच्या संसारात द्वारकेनं वाचलेलं त्यांनी कधी पुन्हा वाचलं नव्हतं.

द्वारकाताईंनी बटण दाबलं.

तीन दिवसांनी बँकेनं मँडेट नोंदवल्याचा मेसेज आला. मग पंचवीस तारखेच्या सुमाराला आणखी एक आला, हप्ता जवळ आला असून खात्यात शिल्लक ठेवावी. द्वारकाताईंनी तो बसमध्ये वाचला. पाच हजार, सात तारीख. अजून बारा-तेरा दिवस आहेत की, असं मनात म्हणून त्यांनी फोन पर्समध्ये टाकला.

अठ्ठावीस तारखेला दुपारी रक्तपेढीत जेवायच्या सुट्टीत फोन वाजला. पुरेशी शिल्लक नसल्यामुळे हप्ता परत गेला होता, आणि बँकेनं त्याचा दंड कापला होता.

"हे बघ," त्यांनी शेजारी बसलेल्या चैतालीला सांगितलं. चैताली त्यांची कनिष्ठ सहकारी, सहा वर्षं त्यांच्या हाताखाली तयार झालेली. "माझ्या हिशोबानं खात्यात अकरा हजार आहेत. हप्ता पाचचा. तोही सात तारखेला. आणि आज दंड लावतायत! याला काय म्हणायचं?"

"ताई, आधी डबा तरी संपवा."

"संपवलाय."

चैतालीनं त्यांच्या ताटलीकडे पाहिलं. उजवी बाजू स्वच्छ पुसलेली होती. डावीकडची भाजी तशीच होती, घाससुद्धा मोडला नव्हता. ताईंना भाजी आवडली नसेल, असं तिला वाटलं.

संध्याकाळपर्यंत बँक कुठे उघडी राहणार. अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्या तडक शाखेत गेल्या. रांगेत चार माणसं होती, आणि काउंटरमागे श्यामला नावाच्या अधिकारी बाई. पुढच्या गृहस्थांना त्या सांगत होत्या, "आजोबा, फॉर्मवर सही करायची असते, ‘सही’ असं लिहायचं नसतं." द्वारकाताईंचा नंबर आला.

"मला लेखी उत्तर हवंय," त्यांनी सुरुवातच तशी केली. "माझा हप्ता पाच हजारांचा, सात तारखेचा. तुम्ही जानेवारीतच का लावलात? आणि अकरा हजार असताना परत का पाठवलात?"

श्यामलाबाईंनी खातं उघडलं. "मॅडम, तारीख आणि रक्कम आम्ही ठरवत नाही. फंडाकडून मागणी येते, मँडेटच्या मर्यादेत असेल तर आम्ही पैसे देतो. शिल्लक नसेल तर परत जाते. मागणी पंधरा हजारांची आली होती."

"अशक्य आहे. माझ्याकडे त्यांचा मेल आहे."

"दाखवा ना."

द्वारकाताईंनी फोन काउंटरवर ठेवला आणि मेल उघडला. जिंकल्यासारखं वाचलं, "हप्ता, पाच हजार. तारीख, सात."

श्यामलाबाई फोनकडे बघत राहिल्या. मग त्यांच्याकडे. मागच्या माणसानं घसा खाकरला, तर त्यांनी त्याला हातानंच थांबवलं. आवाज आता वेगळा झाला होता.

"मॅडम, पुन्हा एकदा वाचता?"

"पाच हजार. सात तारीख."

श्यामलाबाईंनी काचेखालून हात पुढे केला आणि पेनाचं टोक पडद्यावर टेकवलं. "इथं, या पाचाच्या आधी काय आहे?"

"काही नाही."

"माझ्या वडिलांचं असंच झालं होतं. मान जरा डावीकडे वळवा."

द्वारकाताईंनी मान वळवली. आणि कोऱ्या जागेतून एक आकडा वर आला. एक. पाचाच्या डाव्या अंगाला तो पहिल्यापासून उभा होता. पेनाचं टोक खाली सरकलं. तारखेच्या साताआधी दोन होता. त्यांनी मान सरळ केली, तर दोघंही गेले. पुसल्यासारखे नव्हेत, कधी नव्हतेच असे.

"बसा तुम्ही," श्यामलाबाई उठून म्हणाल्या. "घरी कुणाला फोन लावू?"

पण द्वारकाताईंच्या डोक्यात फोन नव्हता, दंड नव्हता, फंडही नव्हता. पंधराचे पाच होतात. सत्तावीसचे सात होतात. मग एबीचं काय होतं?

एबीचं बी होतं.

चौकटीला खांदा आपटायला लागला तेव्हापासून, गेले तीन आठवडे, रक्तदात्यांच्या तपासणीचे निकाल बघून बॅगांना लेबलं त्यांनीच लावली होती. बी गटाला गुलाबी, एबीला पांढरं. निकालाची चिठ्ठी त्या वाचायच्या आणि लेबल चिकटवायच्या. खाली चैतालीची सही असायची. चैताली चिठ्ठी बघायची का? की सुखदेवांसारखीच ऐकून घ्यायची?

रिक्षात बसल्यावर त्यांनी फक्त एकच फोन केला, रक्तपेढीचे प्रमुख डॉ. बद्रीनाथ शेवाळे यांना. "सर, मी येतेय. या महिन्यात मी लेबल लावलेली एकही बॅग बाहेर जाऊ देऊ नका."

"काय झालंय, ताई?"

"मला डावीकडचं दिसत नाहीये."

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही आधी इमर्जन्सीत जा."

"आधी रजिस्टर," त्या म्हणाल्या.

रिक्षा सिग्नलला थांबली होती. डाव्या बाजूनं एक मोटारसायकल अंगावर आल्यासारखी एकदम समोर उगवली, आणि त्या दचकून आत सरकल्या. गेले तीन आठवडे आपण याच रस्त्यानं एकट्या चालत होतो, रस्ता ओलांडत होतो, बस पकडत होतो. डाव्या अंगानं काय काय गेलं असेल, ते कळायला आता मार्ग नव्हता.

रक्तपेढीत चैताली फ्रीज उघडून उभी होती, चेहरा पांढराफटक. डॉ. शेवाळे चिठ्ठ्यांची फाइल घेऊन एकेक बॅग ताडून पाहत होते. द्वारकाताईंना त्यांनी खुर्चीत बसवलं आणि हात लावू दिला नाही. ज्या खोलीत तीस वर्षं त्यांच्याशिवाय पान हललं नव्हतं, तिथं त्या पाहुण्यासारख्या बसून राहिल्या. फ्रीजची घरघर, कागदांची सळसळ, आणि डॉक्टरांचा आवाज: "बरोबर. बरोबर. पुढची."

रजिस्टरमध्ये तीन ठिकाणी बॅगचा नंबर पहिल्या आकड्याशिवाय लिहिलेला सापडला. दिलेल्या बॅगा मात्र सगळ्या योग्य होत्या, त्या त्या रुग्णाशी जुळवूनच गेल्या होत्या. बाराव्या बॅगपाशी डॉक्टर थांबले. त्यांनी चिठ्ठी पुन्हा पाहिली.

"चैताली, ही कुठल्या कप्प्यात होती?"

"बी पॉझिटिव्हच्या."

चिठ्ठीवर एबी होतं. बॅगवर गुलाबी लेबल होतं. खाली दोन सह्या होत्या.

चैताली रडायला लागली. "ताई, तुम्ही वाचलंत, मी सही केली. मी बघितलंच नाही. तुम्ही वाचलंत ना, म्हणून."

"क्रॉसमॅचमध्ये सापडली असती," डॉ. शेवाळे म्हणाले. "रुग्णाच्या रक्ताशी जुळवताना सापडतेच."

"आणि घाईत, सर? अपघाताची केस आली, क्रॉसमॅचला वेळ नाही, म्हणून तसंच द्यावं लागलं असतं तर?"

बॅगवर मोठी लाल खूण करून ती डॉक्टरांनी बाजूला ठेवली.

त्याच संध्याकाळी एमआरआय झाला. मेंदूच्या उजव्या बाजूला, मागच्या भागात, एका बारीक रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. तीन आठवड्यांपूर्वीची, असं मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं. सुखदेवांना ती डोकेदुखीची सकाळ आठवली, आणि ती सुंठ. डोळे दोन्ही शाबूत होते. डोळ्यांनी पाहिलेलं डावं अर्धं जग मेंदूपर्यंत पोचत नव्हतं, आणि काही राहून जातंय हे कळवणारंही आत कुणी उरलं नव्हतं.

"भरून येईल?" सुखदेवांनी विचारलं.

"थोडं येईल, कदाचित. सराव करावा लागेल, मान वळवून बघायचा. पण मला काळजी त्याची नाही." डॉक्टरांनी चष्मा काढला. "एक गुठळी आली, म्हणजे दुसरी येऊ शकते. पहिले काही महिने फार जपायचे. औषध एक दिवसही चुकता कामा नये."

ही बातमी ऐकून पूर्वा ऑफिसमधून थेट आली आणि बराच वेळ आईचा हात धरून बसली. "मी त्या रविवारी यायला हवं होतं," ती पुन्हा पुन्हा म्हणाली.

"तू आली असतीस तर हप्ता बरोबर लागला असता," द्वारकाताई म्हणाल्या. "आणि मी अजून लेबलं लावत असते."

घरी आल्यावर आठवड्यानं तो विषय त्यांनीच काढला. अ‍ॅपमधला पंधरा हजारांचा हप्ता आधी बंद करायला हवा होता. नाहीतर पुढच्या सत्तावीसला पुन्हा मागणी जाणार, पुन्हा परत येणार, पुन्हा दंड.

"तीनदा लागोपाठ परत गेला, की तो हप्ता आपोआप बंद होतो," पूर्वा म्हणाली.

"म्हणजे बँकेला तीन दंड द्यायचे. मी काय सावकार आहे? आत्ता बंद कर. दोन-तीन दिवस लागत असतील तर आधीच केलेलं बरं."

पूर्वानं बंद करण्याची विनंती टाकली. ती मंजूर झाल्याचा मेल आला, तो तिनं मोठ्यानं वाचला. मँडेट मात्र तसाच ठेवला. मर्यादेत बसत होता, नव्या हप्त्यालाही तोच चालणार होता. मग नवा हप्ता सुरू करायला घेतला. फोन पूर्वाच्या हातात होता. सुखदेव चष्मा लावून तिच्या खांद्यावरून वाकले होते, आणि वर्तमानपत्र दारातच पडलं होतं.

"चौकोनातला आकडा नको," द्वारकाताई म्हणाल्या. "टाइप कर. पाच, शून्य, शून्य, शून्य."

"केलं."

"पाचाच्या आधी काय आहे?"

"काही नाही, आई."

"तुम्ही बघा."

सुखदेवांनी पाहिलं. "काही नाही."

"तारीख?"

"सात. आधी काही नाही," दोघंही एकदमच म्हणाले.

मग त्यांनी फोन मागून घेतला. मान पार खांद्यापर्यंत डावीकडे नेली आणि पडद्याच्या कडेपासून सावकाश उजवीकडे वाचत आल्या. एका ओळीला त्यांना जवळपास मिनिट लागलं. पूर्वा खिडकीकडे बघायला लागली.

"हप्ता कधीपर्यंत चालू ठेवायचा, ते विचारतंय," ती फोन परत घेऊन म्हणाली. "आपण रद्द करेपर्यंत, असा पर्याय आहे. तोच ठेवू या."

"नको. शेवटची तारीख टाक. दहा वर्षं. संस्कृती अठराची होईल."

"तू असशीलच ना तेव्हा, बघशील, ठरवशील."

सुखदेव उठून पाणी प्यायला गेले आणि स्वयंपाकघरातून लवकर बाहेर आले नाहीत.

"नॉमिनी तू," त्या म्हणाल्या. "तुझं नाव मला वाचून दाखव, स्पेलिंगसकट."

पूर्वानं वाचून दाखवलं. मग तिनं बटण दाबलं.

रक्तपेढीनं त्यांना परत बोलावलं, पण टेबलाशी नाही. नव्या तंत्रज्ञांना शिकवायचं काम दिलं. पहिल्याच दिवशी त्यांनी तीन मुली आणि चैताली यांना समोर बसवलं आणि झालेलं सगळं, स्वतःचं नाव घेऊन, सांगितलं. "माझं ऐकून सही केलीत तर ती सही नव्हे," त्या म्हणाल्या. "माझ्यावर भरवसा ठेवलात, तर रुग्ण मरेल."

सात मार्चला पहिला हप्ता गेला, पाच हजार. मेसेज सुखदेवांनी वाचला, मग द्वारकाताईंनी मान वळवून वाचला. त्याच सकाळी चहाचा कप उचलताना डाव्या हाताच्या दोन बोटांना किंचित मुंग्या आल्यासारखं झालं होतं. पाच-सात मिनिटांत त्या गेल्याही. द्वारकाताईंनी कप खाली ठेवला, घड्याळात वेळ पाहिली, ती कागदावर लिहिली आणि सुखदेवांना हाक मारली.

"अहो, रिक्षा बोलवा. इमर्जन्सीत जाऊ."

"आत्ता? काय होतंय?"

"काही होत नाहीये. म्हणूनच आत्ता."